आईसाठी व्हीलचेअर: एकच तिकीट की दोन वेगळी, आणि WCHR की WCHS?

समजा आई ७६ची, गुडघे गेलेत, घरात चालते पण जिना चढवत नाही, आणि तिला मुंबईहून दोहामार्गे टोरोंटोला एकटीला पाठवायचंय. तुमच्यासमोर दोन पर्याय आहेत, एकाच पीएनआरवर पूर्ण तिकीट किंवा मुंबई-दोहा एका एअरलाइनचं आणि पुढचं दुसरीचं, जे काही हजारांनी स्वस्त पडतंय.

माझं स्पष्ट मत, एकच पीएनआर घ्या. त्यात बॅग सहसा मुंबईतच टोरोंटोपर्यंत टॅग होते, दोन्ही बोर्डिंग पास इथेच मिळू शकतात आणि दोहाला विमानाच्या दारापासून पुढच्या गेटपर्यंत माणूस नेतो. वेगळ्या तिकिटांत पहिल्या एअरलाइनची जबाबदारी दोहाला संपते. बॅग तिथपर्यंतचीच टॅग झाली असेल तर आईला इमिग्रेशन करून बाहेर यावं लागणार, बेल्टवरून बॅग घ्यायची, मग दुसऱ्या एअरलाइनच्या काउंटरवर नव्याने चेक-इन. मधल्या टप्प्यात तिला कोण नेणार हे कोणाचंच काम नसतं, आणि पहिलं विमान लेट झालं तर दुसरी एअरलाइन तिकीट बदलून द्यायला बांधील नाही. वाचलेले पैसे तिथेच जातात.

आता बुकिंगमध्ये व्हीलचेअरसाठी लावतात तो कोड, कारण इथे बरेच जण अडकतात. फोनवर 'आई चालते ना?' असं विचारलं की आपण हो म्हणतो आणि WCHR लागतो, म्हणजे लांब अंतरासाठी खुर्ची हवी, पण पायऱ्या चढता येतात. एरोब्रिज असेल तर काही बिघडत नाही, पण विमान लांब उभं असलं आणि बसने नेऊन शिडी लावली की पंचाईत. WCHS म्हणजे पायऱ्या जमत नाहीत पण सीटपर्यंत चालता येतं, मग वर चढवायला ॲम्ब्युलिफ्ट वगैरे सोय करतात. या आईला WCHS. अजिबात चालता येत नसेल तर WCHC, त्यात सीटपर्यंत अरुंद खुर्ची आणतात.

विनंती निदान ४८ तास आधी द्या आणि नुसतं 'नोंद केलीय' यावर थांबू नका, दोन्ही सेगमेंटवर WCHS पुढे HK1 दिसतंय का ते विचारा, HK म्हणजे कन्फर्म. एखादं विमान दुसऱ्याच कंपनीचं (कोडशेअर) असेल तर त्यांनाही फोन करा, मेसेज पुढे गेलेलाच असेल असं नाही.

दोहाला दीड तासाचं कनेक्शन मिळत असेल तरी तीन तासांचं घ्या, व्हीलचेअरवाले सगळ्यात शेवटी उतरतात आणि कधी दारातच खुर्चीची वाट बघावी लागते. मुंबईत टी२ला चेक-इन काउंटरवर खुर्ची मिळते, नेणारा सिक्युरिटी, इमिग्रेशन करून गेटपर्यंत सोडतो, पण तिथे बसवून निघून गेला तर बोर्डिंग सुरू झाल्यावर आईने काउंटरला हात दाखवायला हवा, हे तिला घरूनच सांगून ठेवा. औषधं, चश्मा, पासपोर्ट आणि तुमचा नंबर कागदावर लिहून, हे सगळं हातातल्या पिशवीत, चेक-इन बॅगेत नाही.