नादारीचा अर्ज की आपसांतली तडजोड? एकट्या प्रोप्रायटरसाठी

दुकान एकट्याच्या नावावर असेल, तर कायद्याच्या नजरेत दुकान आणि माणूस वेगळे नसतात. पाटीवर कोणतंही नाव असो, प्लायवूडवाल्याची उधारी ही तुमची वैयक्तिक उधारी असते आणि ती राहत्या घरापर्यंत येऊ शकते.

अशा वेळी दोन वाटा दिसतात. एक म्हणजे धनकोंशी आपसांत तडजोड, दुसरी म्हणजे कोर्टात नादारीचा, म्हणजे दिवाळखोरीचा अर्ज. २०१६ च्या दिवाळखोरी संहितेतला व्यक्तींचा भाग प्रोप्रायटरला अजून लागू नाही, तो फक्त कंपन्यांच्या जामीनदारांसाठी सुरू झाला आहे. त्यामुळे मुंबईत १९०९ चा कायदा आणि बाकी महाराष्ट्रात १९२० चा प्रांतिक नादारी कायदाच चालतो. पुढचं सगळं या दुसऱ्या कायद्यानुसार आहे.

हिशेबासाठी एक फर्निचरवाला धरू. त्याच्या फ्लॅटवर बँकेचं १८ लाखांचं तारण आहे. प्लायवूडवाल्याचे ८ लाख, पतपेढीचे विनातारण ६ लाख, मित्राचे हातउसने ४ लाख आणि दोन कारागिरांचा थकलेला पगार एकेक लाख. शिवाय जीएसटीचे १ लाख ४० हजार.

नादारीत आधी बँक बाजूला उभी राहते. तारण विकायचा तिचा हक्क अर्जामुळे थांबत नाही. समजा फ्लॅट २२ लाखांना गेला. बँकेचे १८ वजा जाऊन ४ लाख कोर्टाने नेमलेल्या रिसीव्हरकडे येतात. माल आणि वसूल झालेली येणी मिळून आणखी ५. या ९ लाखांतून खर्चाचे ६० हजार आणि जीएसटी आधी जातो, उरतात ७ लाख. कारागिरांनाही कायद्यात अग्रक्रम आहे, पण मूळ कायद्यातली मर्यादा माणशी २० रुपये आहे. म्हणजे बिचारे बाकीच्यांच्याच रांगेत येतात, आणि मला ही गोष्ट फार टोचते. एकूण २० लाखांच्या देण्यावर ७ लाख, म्हणजे रुपयाला ३५ पैसे. प्लायवूडवाल्याला २ लाख ८० हजार, पतपेढीला २ लाख १० हजार, मित्राला १ लाख ४० हजार, प्रत्येक कारागिराला ३५ हजार.

आता तडजोड. समजा भाऊ १० लाख द्यायला तयार आहे, पण प्रकरण कायमचं मिटणार असेल तरच. म्हणजे रुपयाला ५० पैसे, सगळ्यांनाच जास्त. तरी आपसांतली तडजोड सही करणाऱ्यालाच बांधते. चौघांनी मान्य केलं आणि पाचवा दाव्याला गेला, तर भावाचे पैसे जाऊन जप्ती डोक्यावरच राहते.

म्हणून मी अनेकदा मधली वाट सुचवतो: नादार ठरल्यावर कोर्टातच तडजोडीचा प्रस्ताव ठेवायचा. देणं सिद्ध केलेल्या आणि हजर असलेल्या धनकोंपैकी संख्येने निम्म्याहून जास्त आणि रकमेने तीन चतुर्थांश लोकांनी तो स्वीकारला, आणि कोर्टाने मंजूर केला, तर नकार देणाराही बांधला जातो. जीएसटी आधी पूर्ण द्यावा लागतो, ते पैसे वेगळे ठेवा. उरलेल्या २० लाखांपैकी १५ लाखांचे धनको बाजूने हवेत. मित्र अडून बसला तरी १६ लाख उरतात, चालतं. पतपेढी अडली तर १४, मोडलं. म्हणून आधी प्लायवूडवाल्याकडे आणि पतपेढीकडे जा, मित्राकडे नंतर.

नेमकं उलटं होतं. ओशाळून माणूस आधी मित्राचे लाखभर फेडतो. अर्जाच्या आधीच्या तीन महिन्यांत एखाद्यालाच झुकतं माप देण्यासाठी केलेली अशी फेड कोर्ट रद्द करू शकतं आणि ते पैसे मित्राकडून परत मागितले जातात. दोन वर्षांच्या आत बायकोच्या नावे केलेल्या बक्षीसपत्राचंही तेच. कारागिराची हत्यारं, घरातली भांडीकुंडी आणि मंगळसूत्र मात्र कोणी नेऊ शकत नाही.

नादारीतून सुटका आपोआप होत नाही, मुदतीत मुक्ततेचा अर्ज करावा लागतो. मालमत्ता विनातारण देण्याच्या रुपयाला आठ आणेही भरत नसेल, तर ती आपल्या हाताबाहेरच्या कारणाने कमी पडली हे दाखवावं लागतं. आपल्या फर्निचरवाल्याचे ३५ पैसेच भरतात, त्यामुळे नेटक्या वह्या हाच त्याचा आधार. मागच्या तीन वर्षांच्या वह्या नसतील तर तेच त्याच्या विरोधात जातं. मुक्तता मिळेपर्यंत नादार असल्याचं न सांगता ५० रुपयांची उधारी घेणंही गुन्हा आहे. सरकारी देणी आणि फसवणुकीतून आलेली देणी मुक्ततेनंतरही राहतात. चेक न वटल्याचा फौजदारी खटलाही नादारीमुळे थांबत नाही.

कोणतीही वाट धरण्याआधी पतपेढीच्या कर्जाचे कागद काढा आणि जामीनदार म्हणून कोणाची सही आहे ते बघा. नादारीच्या मुक्ततेने जामीनदार सुटत नाही. तिथे बायकोची किंवा भावाची सही असेल, तर उरलेले ६५ पैसे पतपेढी त्यांच्याकडे मागेल. तिथे तडजोडच बरी, पण तिच्या कागदावर जामीनदारालाही मोकळं केल्याचं स्पष्ट लिहून घ्या.