"ओटीजीचा आयसी गेलाय" म्हणून घेतलेले पैसे

फोन पेन ड्राइव्ह ओळखत नाही म्हणून दुरुस्तीला दिला आणि समोरून "ओटीजीचा आयसी गेलाय, बदलावा लागेल" असं उत्तर आलं, तर पैसे काढण्याआधी हे वाचा. ओटीजी म्हणजे पेन ड्राइव्ह, माउस अशा वस्तू थेट फोनला जोडायची सोय, आणि आयसी म्हणजे फोनच्या बोर्डावरची चिप. माझ्याकडून याच वाक्यावर पैसे घेतले गेले आणि फोन उघडलासुद्धा नव्हता. वर "हाय पॉवर" म्हणून एक ॲडॉप्टर गळ्यात मारला तो वेगळाच.

तक्रार साधी होती. टाइप-सीचा ॲडॉप्टर लावून पेन ड्राइव्ह जोडला की काहीच होत नव्हतं. ना सूचना, ना पेन ड्राइव्हचा दिवा. फोन चार्ज मात्र नीट होत होता आणि कॉम्प्युटरला जोडला की फोटोही उतरत होते. दुरुस्तीवाल्याने ॲडॉप्टर आत-बाहेर केला, पोर्टमध्ये टॉर्च मारला आणि म्हणाला, "ताई, चार्जिंग वेगळं, ओटीजी वेगळं. ओटीजीचा आयसी उडालाय. लॉक सांगून ठेवा, तपासायला लागेल."

फोन परत घेताना त्याने स्वतःचा छोटा पेन ड्राइव्ह लावून दाखवला. लगेच फोल्डर उघडलं. पावतीवर "ओटीजी आयसी बदलला" असं लिहून दिलं आणि "नवा आयसी टिकवायचा असेल तर साधा ॲडॉप्टर वापरू नका" म्हणत हाय पॉवरवाला हातात ठेवला. माझा पेन ड्राइव्ह सोबत नव्हता, त्यामुळे विषय तिथेच संपला.

घरी येऊन माझा पेन ड्राइव्ह लावला, तर पुन्हा तीच शांतता. उघडी ॲप बंद करावीत म्हणून अलीकडच्या ॲपची यादी काढली, तर त्यात सेटिंग्जचं एक पान उघडं होतं: `OTG connection`. समोरचं बटण बंद. ते मी चालू केलं आणि पेन ड्राइव्हचा दिवा लुकलुकला. माझी "दुरुस्ती" ती एवढीच होती.

हे बटण सगळ्या फोनमध्ये नसतं. काही कंपन्या बॅटरी वाचवण्यासाठी ओटीजी मुद्दाम बंद ठेवतात आणि चालू केल्यावर साधारण 10 मिनिटं काही जोडलं नाही, तर ते आपोआप पुन्हा बंद होतं. म्हणजे दुकानात चालणार, घरी पोचेपर्यंत बंद. फसवणाऱ्याला याहून सोयीचं काय हवं? गिऱ्हाईक परत आलं तर "तुमचाच पेन ड्राइव्ह खराब" म्हणायला तो मोकळा. सेटिंग्जच्या शोधपट्टीत `OTG` टाइप करून बघा. बटण असेल तर लगेच सापडतं.

आता पुरावा. बोर्डावरचा आयसी बदलायचा म्हणजे मागचं झाकण काढायचं, बॅटरी सोडवायची आणि गरम हवेने जुना भाग उचलायचा. त्यासाठी फोन बंद करावाच लागतो. अँड्रॉइडमध्ये फोन शेवटचा सुरू झाल्यापासून किती वेळ चालू आहे ते लिहिलेलं असतं. सेटिंग्जमध्ये `About phone`, त्यात बहुतेक वेळा `Status`, आणि तिथे `Up time`. माझ्या फोनचा तो आकडा दुरुस्तीला टाकण्याच्या आधीपासून अखंड मोजत आला होता. आयसी बदलला असता तर तो शून्यापासून सुरू झाला असता. मी आधी त्याचा स्क्रीनशॉट घेतला. संशय आला की लोक पहिल्यांदा फोन रीस्टार्ट करून बघतात. तसं केलंत तर हा पुरावा आपल्याच हाताने पुसला जातो.

ज्यांना कॉम्प्युटरवरून `adb` चालवता येतं त्यांना हेच असं दिसेल. दुसरी ओळ पुढच्या भागात लागेल:

```
adb shell uptime
adb shell cat /proc/filesystems
```

बटण चालू झालं, दिवा लागला, तरी माझ्या फाइली काही दिसेनात. वर सूचना आली की यूएसबी ड्राइव्हमध्ये अडचण आहे, सेट करायला टॅप करा. हीच सूचना महत्त्वाची. ती आली याचा अर्थ पेन ड्राइव्हला वीज पोचली, डेटाच्या तारा जोडल्या गेल्या आणि फोनने त्याला ओळखलंही. अडतंय फक्त आतल्या फाइल सिस्टीमवर, म्हणजे फाइली मांडून ठेवायच्या पद्धतीवर. अशा वेळी कुणी पोर्ट, आयसी किंवा बोर्ड बदलायला सांगत असेल, तर तो खोटं बोलतोय किंवा त्याला काम येत नाही.

माझा पेन ड्राइव्ह NTFS होता. मोठा व्हिडिओ त्यात मावत नव्हता म्हणून विंडोजवर तसा फॉरमॅट केलेला. FAT32 मध्ये एक फाइल 4 जीबीपर्यंतच बसते, त्यापुढे कॉपी होत नाही, म्हणून पुष्कळ जण NTFS निवडतात. विंडोजला ते चालतं, पण बहुतेक अँड्रॉइड फोन NTFS वाचतच नाहीत. FAT32 जवळपास सगळे वाचतात. दुकानदाराचा छोटा पेन ड्राइव्ह चटकन उघडला तो त्यामुळेच. मधला मार्ग exFAT. त्यात मोठी फाइल बसते, पण फोन जुना असेल तर आधी खात्री करावी. मायक्रोसॉफ्टने त्याचा आराखडा 2019 मध्ये खुला केला आणि अँड्रॉइड ज्याच्यावर चालतं त्या लिनक्स कर्नलमध्ये त्याचा पक्का ड्रायव्हर 2020 मध्ये, 5.7 या आवृत्तीत आला. त्याआधीच्या फोनमध्ये ती सोय ज्या कंपन्यांनी स्वतः घातली त्यांच्याकडेच होती. वरच्या दुसऱ्या आज्ञेच्या यादीत `exfat` दिसलं तर तुमच्या फोनचं कर्नल ते ओळखतं. FAT32 तिथे `vfat` नावाने असतं.

त्या सूचनेवर मात्र उगाच टॅप करत बसू नका. पुढच्या पडद्यावर फॉरमॅटचा पर्याय येतो आणि त्यात सगळं पुसलं जातं. पेन ड्राइव्ह काढून कॉम्प्युटरला लावा, ड्राइव्हवर राइट क्लिक करून `Properties` मध्ये `File system` समोर काय लिहिलंय ते बघा, फाइली दुसरीकडे उतरवा आणि मगच exFAT किंवा FAT32 करा. मी exFAT केलं आणि पेन ड्राइव्ह त्याच फोनवर, माझ्या जुन्याच ॲडॉप्टरने उघडला.

राहिला तो हाय पॉवर ॲडॉप्टर. मी यूएसबी मीटर मधोमध लावून पाहिलं. जुन्या ॲडॉप्टरने व्होल्टेज 5.04, पेन ड्राइव्ह नुसता बसलेला असताना 0.07 ॲम्पियर, कॉपी सुरू केल्यावर 0.2 च्या आसपास. नव्या ॲडॉप्टरनेही तेच. वेगळं येणार कुठून? वीज फोन देतो, ॲडॉप्टर ती फक्त पुढे पोचवतो. यूएसबी 2.0 मध्ये जोडलेल्या वस्तूने 500 मिलिॲम्पियरपर्यंत आणि यूएसबी 3 मध्ये 900 पर्यंत ओढावं असं ठरलेलं आहे. पेन ड्राइव्ह सहसा त्याच्या बराच आत असतो. शेवटी तो ॲडॉप्टर फोडलाच. आत चार तारा आणि `512` लिहिलेला एक रेझिस्टर, म्हणजे 5.1 किलोओहम. बस्स. टाइप-सीच्या ओटीजी ॲडॉप्टरमध्ये असायला हवा तो हाच. याच्यावरून फोनला कळतं की समोर चार्जर नाही, आपण वीज द्यायची आहे. वस्तू खोटी नव्हती, तिचं नाव खोटं होतं.

विजेची अडचण खरी असते ती फिरत्या तबकडीच्या हार्ड डिस्कला. सुरू होताना ती एकदम जास्त ओढते, फोन पुरवठा तोडतो, मग दिवा लागतो, टिक आवाज येतो, विझतो, पुन्हा लागतो. त्यावर इलाज स्वतःचा वीजपुरवठा असलेला यूएसबी हब, ॲडॉप्टर नव्हे. बॅटरी फार उतरली की काही फोन ओटीजीची वीज बंद करतात, म्हणून तपासणी चार्ज केलेल्या फोनवरच करा.

दुसऱ्या प्रकारचा ॲडॉप्टरही ओटीजी म्हणून खपवला जातो. मायक्रो-यूएसबीची चार्जिंग केबल टाइप-सी फोनला लागावी म्हणून असतो तो चिमुकला कन्व्हर्टर. जुनी मायक्रो ओटीजी केबल आणि पुढे हा कन्व्हर्टर अशी जोडणी केली, तर आपण वीज द्यायची आहे हे फोनला कळतच नाही, कारण त्याच्या आत 56 किलोओहमचा रेझिस्टर उलट्या बाजूने लावलेला असतो. पेन ड्राइव्हला वीजच मिळत नाही. मग म्हणायला मोकळे, "आयसी गेला."

म्हणून फोन कुणाच्या हातात देण्याआधी एक तारेचा माउस लावून बघा, अर्थात ओटीजीचं बटण चालू करून. माउसखाली लाल दिवा लागला आणि पडद्यावर बाण फिरला, तर फोनचं पोर्ट, त्याची वीज आणि तुमचा ॲडॉप्टर, तिन्ही ठीक. मग प्रश्न पेन ड्राइव्हचा किंवा त्याच्या फॉरमॅटचा. दिवा लागला पण बाण नाही, तर ॲडॉप्टर बदलून बघा, डेटाच्या तारा नसतील. दिवाच लागला नाही आणि दुसऱ्या फोनवर तोच ॲडॉप्टर, तोच माउस चालला, तर मात्र तुमच्या फोनमध्ये बिघाड असू शकतो. पोर्टमध्ये अडकलेला कचराही तेच करतो. आणि हो, चार्जिंग चालू असूनही बाहेर वीज देणारा भाग खरोखर निकामी होऊ शकतो, दुर्मिळ असलं तरी. तेव्हा प्रत्येक दुरुस्तीवाला लबाड असं मी म्हणत नाही. पण काम झालं म्हणणाऱ्याने काढलेला जुना भाग दाखवावा आणि तुमचा पेन ड्राइव्ह तुमच्याच ॲडॉप्टरने चालवून दाखवावा.

मी परत गेले आणि जुना आयसी मागितला. "तो कचऱ्यात गेला ताई." मी `Up time` चा स्क्रीनशॉट पुढे केला. त्याने तो वाचला, मान खाली घातली आणि म्हणाला, "सॉफ्टवेअरने बदलला." सॉफ्टवेअरने आयसी बदलतात हे मी पहिल्यांदाच ऐकलं. ॲडॉप्टरचे पैसे त्याने निमूट परत केले, फोडलेला असूनही. आयसीचे द्यायला तयार नाही. पावती त्याच्याच अक्षरात आहे, ती आणि स्क्रीनशॉट जोडून लेखी तक्रार दिली आहे.