‘किमान एक’: एकच पद की पूरक घटना?

सांगलीच्या बेदाण्याचं गणित: पेटी ओलसर असण्याची संभाव्यता 0.1, पेट्या पाच. किमान एक ओलसर असण्याची संभाव्यता किती?

विद्यार्थ्याच्या वहीत एकच पद दिसलं: 5 × 0.1 × 0.9⁴ = 0.32805. आकडेमोड चोख, पण हे उत्तर ‘नेमकी एक’चं. दोन ते पाच ओलसर पेट्या त्यात आल्याच नाहीत.

‘एकही नाही’ या पूरक घटनेने 1 − 0.9⁵ = 0.40951. फरक 0.08146, तो याच राहिलेल्या पेट्यांचा.

चूक पकडायला मी ‘एकही नाही’चे 0.59049 उत्तरात मिळवते. बेरीज 1 हवी, इथे 0.91854 आली. पेट्या तीस केल्या तर एकपदी उत्तर चक्क घटून 0.141 होतं! पेट्या वाढल्यावर ‘किमान एक’ घटेल कसं? खरं उत्तर 0.958. आकडेमोड चोख असली तरी मांडणीचे गुण मात्र कापलेच.