गवळण की बैठकीची लावणी: चावटपणा कुणाचा?

गिरणगावातल्या कामगारांनी लालबागच्या हनुमान थिएटरात दोन्ही प्रकार पाहिले, पण दोन्हींतली छेडछाड वेगळी.

तमाशात गणानंतर गवळण येते. मथुरेच्या बाजाराला निघालेल्या गवळणींची वाट कृष्ण आणि पेंद्या अडवतात आणि दाण, म्हणजे जकात, मागतात. मागणी दुधालोण्याची, रोख भलतीकडेच. पण गवळणी एकट्या नसतात. पुरुषाने वठवलेली मावशी मध्ये पडते, मुद्दाम उलटा अर्थ काढते आणि हशा कृष्णावरच उलटवते. म्हणजे मुलीला चारचौघांत नकार देता येतो, घासाघीसही करता येते, आणि कुणाचा अपमान होत नाही.

बैठकीच्या लावणीत ही ढाल नाही. गायिका बसून एकच ओळ पुन्हापुन्हा घेते. शब्द तेच, पण एकदा भुवई उडते, एकदा पदर सावरला जातो, आणि प्रत्येक वेळी रुसवा, आमंत्रण, टोमणा असा अर्थ पालटतो. इथे इच्छा बाई बोलून दाखवते. मात्र जुन्या लावण्या बहुतेक शाहिरांच्या, आणि समोर दौलतजादा करणारा पुरुष. त्यामुळे ती इच्छा कितपत तिची, ही शंका राहतेच. मोकळी थट्टा ऐकायची तर मी गवळणच निवडेन. अदाकारीत मात्र लावणीला तोड नाही.