फोनच्या उजेडानं निळा पडलेला चेहरा: गिम्प वापरून काही महिन्यांनंतरचा अनुभव

यवतमाळ जिल्ह्यात माझं फोटो आणि झेरॉक्सचं लहानसं दुकान आहे. लग्नसराईपासून फोटोदुरुस्तीची बहुतेक कामं मी गिम्पवर करतो आहे. मार्च 2025 मध्ये आलेली 3.0 ही आवृत्ती बसवली, तेव्हापासून हेच चालू आहे. प्रोग्रॅम फुकट आहे आणि आठ जीबी रॅमच्या जुन्या कॉम्प्युटरवर चालतो. त्यातल्या सगळ्या सोयींबद्दल लिहीत बसलो तर लांबेल. म्हणून सगळ्यात जास्त येणाऱ्या एकाच कामापुरतं लिहितो: अंधाऱ्या खोलीत मोबाईल किंवा लॅपटॉपसमोर बसलेल्या माणसाचा फोटो, ज्यात अर्धा चेहरा निळा झालेला असतो.

हे का होतं ते आधी सांगतो, कारण दुरुस्तीची रीत त्यातूनच ठरते. मोबाईलचा पांढरा पडदा साधारण 6500 केल्विनचा असतो, घरातला पिवळा बल्ब 2700 ते 3000 केल्विनचा. खोलीभर पिवळा उजेड असला की कॅमेरा त्यालाच पांढरा धरून रंग जुळवतो, आणि मग पडद्याचा उजेड गडद निळा उमटतो. पांढऱ्या एलईडीखाली बसून काढलेल्या फोटोत ही तक्रार फारशी येत नाही, कारण तिथे खोलीचा आणि पडद्याचा रंग जवळजवळ एकच असतो. एकाच चेहऱ्यावर दोन रंगांचे उजेड पडलेले असतात, म्हणून संपूर्ण फोटोचा रंग हलवून काही साधत नाही. मोबाईलमधल्या ॲपची Warmth पट्टी सरकवली की निळा गाल थोडा सुधारतो, पण बल्बकडचा गाल नारिंगी होऊन बसतो.

आता एक काम पूर्ण सांगतो. हळदीच्या रात्रीचा फोटो होता. नवरीचा भाऊ सैन्यात, त्याला सुट्टी मिळाली नव्हती. तो व्हिडिओ कॉलवर होता आणि अंगाला हळद लागलेली बहीण हातात फोन धरून त्याच्याशी बोलत होती. मागे ओसरीतला पिवळा बल्ब. फोटो फार जिवंत होता, भावाला फ्रेम करून पाठवायचा होता. वडील म्हणाले, "भाऊ, पोरीचं तोंड निय्यं कावून दिसून रायलं? तेवढं नीट करून द्या ना जी."

पहिली गोष्ट, मी त्यांच्याकडून मूळ फाईल मागवली. व्हॉट्सॲपवर साधा फोटो पाठवला की तो लहान होतो आणि जास्त दाबला जातो. जेपेगमध्ये रंगाची माहिती बहुतेक वेळा उजेडापेक्षा निम्म्या बारकाईनं साठवलेली असते. निळा काढायला रंग ताणले की दाबलेल्या फोटोत गालावर चौकोनी डाग वर येतात, आणि ते नंतर कशानंही जात नाहीत. तोच फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवला की मूळ फाईल जशीच्या तशी येते.

दुसरी गोष्ट, डोळ्यांवर न जाता आकडे पाहिले. गिम्पमध्ये Ctrl दाबून कडेच्या पट्टीवरून ओढलं की फोटोवर नमुन्याचा बिंदू ठेवता येतो आणि Sample Points या खिडकीत त्याचे लाल, हिरवा, निळा असे आकडे दिसत राहतात. मी तीन बिंदू ठेवले. बल्बकडच्या हळद लागलेल्या गालावर लाल 205, हिरवा 150, निळा 62. फोनकडच्या हनुवटीवर, जिथे हळद नव्हती, तिथे 84, 98, 150. आणि फोनकडच्या हळद लागलेल्या गालावर 92, 112, 118. कातडी कुठल्याही रंगाची असो, साध्या उजेडात लाल सगळ्यात जास्त आणि निळा सगळ्यात कमी असतो. फोनच्या बाजूला हा क्रम उलटा झाला होता. हळद निळा उजेड शोषून घेते, म्हणून तिथे निळा कमी भरला आणि गाल निळा न दिसता हिरवट राखाडी दिसत होता.

इथेच बहुतेक जण चांगल्या गालाचा रंग उचलून निळ्या भागावर ब्रशनं भरतात. मला ते पटत नाही. त्यानं हनुवटी आणि गाल दोन्ही एकाच पिवळ्या रंगाचे होतात. हळद कुठे लागली आणि कुठे नाही हा फरकच पुसला जातो, आणि चेहरा मुखवटा घातल्यासारखा दिसतो. हळदीच्या फोटोत तर तोच फरक जपायचा असतो. म्हणून रंग भरायचा नाही, उजेडाचा तोल बदलायचा.

त्यासाठी थराची प्रत केली आणि तिच्यावर Colors > Curves उघडलं. रेषेला मधून वाक दिला नाही, फक्त टोकं हलवली, कारण रेषा सरळ राहिली तर गडद आणि उजळ दोन्ही भाग एकाच प्रमाणात बदलतात. लाल चॅनलचं वरचं टोक डावीकडे 155 पर्यंत आणलं, म्हणजे लाल सुमारे 1.65 पट झाला. निळ्याचं वरचं टोक खाली 158 पर्यंत आणलं, म्हणजे निळा सुमारे 0.62 पट. हिरव्याचं टोक जरासं डावीकडे, 243 पर्यंत. हनुवटी झाली साधारण 138, 103, 93, म्हणजे सावळ्या कातडीचा खरा रंग. हळदीचा गाल झाला 151, 118, 73. निळा इथे जास्त खाली गेला, म्हणजे पिवळेपणा टिकला. एकाच बदलात दोन्ही जागा आपापल्या रंगावर आल्या. पडद्याचा उजेड दोन्हींवर सारखाच पडला होता, म्हणून हे जमतं.

अर्थात या बदलानं बल्बकडची बाजू भडक नारिंगी झाली. तिथे मास्क लागतो. थरावर काळा मास्क जोडला, म्हणजे सगळा बदल झाकला गेला आणि पांढरा भरू तिथेच तो दिसतो. मग Hardness शून्य असलेला मोठा ब्रश घेतला, Opacity 30 च्या आसपास ठेवली आणि पांढऱ्या रंगानं फोनकडून नाकाकडे हळूहळू भरत गेलो. फोन खालून धरलेला असतो, म्हणून निळा उजेड हनुवटीखाली, नाकपुड्यांखाली आणि वरच्या पापणीच्या आतल्या बाजूला जास्त असतो. या जागा सुटल्या तर चेहरा धुतल्यावर कडेला रंग राहावा तसा निळा तिथेच दिसत राहतो. चूक ओळखायची खूण अशी: नाकाच्या दांड्यावर तपकिरी किंवा नारिंगी पट्टा दिसला, तर मास्क बल्बच्या उजेडात शिरला आहे. डोळ्यांतला पांढरा ठिपका मी मास्कबाहेर ठेवतो. तो फोनच्या पडद्याचंच प्रतिबिंब असतो, पिवळा केला की नजर मेल्यासारखी होते.

शेवटी थराची Opacity 90 वर आणली. सगळा निळा काढला तर फोटो खोटा वाटतो, कारण हातात पेटलेला फोन दिसतो आहे आणि चेहऱ्यावर मात्र त्याचा उजेड नाही.

अंधारातल्या फोटोत लाल चॅनल मुळातच अशक्त असतो. तो 1.65 पट केला की त्यातले दाणेही तेवढेच वाढतात आणि गालावर लालसर पुटकुळ्या आल्यासारखं दिसतं. यावर उपाय म्हणजे फक्त रंग मऊ करणं. दिसणाऱ्या सगळ्याचा एक नवा थर करायचा, Layer > New from Visible, त्याला थोडा Gaussian Blur द्यायचा आणि थराची Mode यादीतून LCh Color करायची. मग त्या थरातून फक्त रंग घेतला जातो, उजेड आणि बारीक रेषा खालच्याच राहतात. ओठ आणि कुंकू यांच्यावर मात्र हा थर येऊ देऊ नका, त्यांचा लाल रंग कातडीत पसरतो.

जमत नाही तेही सांगायला हवं. फोन तोंडाला फार जवळ असेल तर निळा 255 ला जाऊन अडकतो. तिथे किती निळा होता ही माहितीच उरलेली नसते, आणि वरचा बदल केला की पिवळट चकती दिसते. अशा छोट्या जागेपुरता मी LCh Color थरावर शेजारच्या कातडीचा रंग हलका भरतो. जागा मोठी असेल तर गिऱ्हाइकाला आधीच सांगतो की फोटो कृष्णधवल करू, त्यात चेहरा छान येईल. शिवाय रंग सुधारला तरी उजेड खालून आलेला आहे हे बदलत नाही, नाकाची सावली वरच्या बाजूलाच राहते.

गिम्पबद्दल म्हणायचं तर 3.0 मध्ये Curves सारखे बदल थरावर वेगळे राहतात आणि fx खुणेवरून पुन्हा उघडता येतात. पोरीचे वडील फोटो पाहून "अजून थोडं पिवळं ठेवा" म्हणाले, तेव्हा सगळं पुन्हा करावं लागलं नाही. फक्त फाईल गिम्पच्या स्वतःच्या xcf प्रकारात जपून ठेवली पाहिजे, जेपेगमध्ये हे टिकत नाही. असे बदल तीन-चार झाले की माझा कॉम्प्युटर अडखळतो, ब्रश मागे राहतो. काम करताना फोटो लहान करून पाहिला की थोडा फरक पडतो. मोठी उणीव म्हणजे ठरावीक वेळानं आपोआप सेव्ह होत नाही. आमच्याकडे लाईट कधी जाईल याचा नेम नाही, त्यामुळे मास्कचा एक भाग झाला की Ctrl+S दाबायची सवय लावून घ्यावी लागते.

दुकानात बसून हे काम करणाऱ्यांनी आणखी एक पाहावं. विंडोजचं Night light संध्याकाळी आपोआप चालू होत असेल तर आधी बंद करा. ते चालू असताना पडदाच पिवळा असतो, उरलेला निळा दिसत नाही आणि प्रिंटमध्ये उघडा पडतो. मॉनिटर जुना असेल तर आकड्यांवर जास्त भरवसा ठेवा. हनुवटीवर लाल, हिरवा, निळा हा उतरता क्रम दिसला की प्रिंट काढायला हरकत नाही.

हळदीच्या त्या फोटोची आठ बाय बाराची मॅट प्रिंट काढली. मॅट यासाठी की चकचकीत कागदावर गडद भागातले दाणे जास्त डोळ्यांत भरतात. आता लग्नाचं काम घेतानाच मी घरच्यांना सांगून ठेवतो: रात्री व्हिडिओ कॉल करताना कोणी फोटो काढणार असेल तर फोनची ब्राइटनेस निम्म्यावर आणा आणि फोन छातीच्या उंचीला, हातभर लांब धरा.