स्नायू ताणून सैल करणे की जडपणाची वाक्ये: शिथिलीकरणाच्या ध्वनिफितीसाठी दोन संहिता

अमेरिकन वैद्य एडमंड जेकबसन यांच्या पद्धतीवरून आज प्रचलित असलेल्या संहितेत कृती आधी येते. ‘उजव्या हाताची मूठ आवळा’ असे सांगून साधारण 5 ते 7 सेकंद थांबायचे, मग ‘सोडून द्या’ म्हणून 20 ते 30 सेकंद शांतता ठेवायची. ही शांतता हाच संहितेचा गाभा आहे, कारण ताण आणि सैलपणा यांतील फरक ऐकणाऱ्याला तेवढ्या अवकाशातच जाणवतो. निवेदकाने ती घाईने भरून काढली, तर पुढची सूचना येईपर्यंत खांदे पुन्हा वर चढलेले असतात.

जर्मन मनोविकारतज्ज्ञ योहानेस शुल्ट्झ यांनी 1932 मध्ये मांडलेल्या ऑटोजेनिक पद्धतीत शरीराला काहीच करायचे नसते. ‘माझा उजवा हात जड आहे’ हे वाक्य त्याच शब्दांत, त्याच संथ लयीत सुमारे सहा वेळा येते आणि मग एकदाच ‘मी अगदी शांत आहे’. येथे शब्द बदलून सौंदर्य आणण्याचा मोह टाळावा. नवा शब्द आला की लक्ष पुन्हा जागे होते. शेवटी हात ताठ करून, खोल श्वास घेऊन डोळे उघडण्याची सूचना हवी. झोपेसाठीच्या ध्वनिफितीत मात्र ती वगळावी.

नवख्या श्रोत्यासाठी मी पहिली संहिता निवडेन, कारण जडपणा जाणवायला अनेकांना काही आठवड्यांचा सराव लागतो. दुखऱ्या किंवा पेटके येणाऱ्या स्नायूंसाठी मात्र दुसरीच योग्य आहे.