कॅल्सिटोनिन की पॅराथायरॉइड संप्रेरक: रक्तातलं कॅल्शियम खरं कोण सांभाळतं?

थायरॉइडच्या पुटिकांशेजारच्या पॅराफॉलिक्युलर, म्हणजेच सी-पेशी रक्तातलं कॅल्शियम वाढलं की कॅल्सिटोनिन सोडतात. ते हाड झिजवणाऱ्या ऑस्टिओक्लास्ट पेशींना थोपवतं. पॅराथायरॉइड संप्रेरक उलट, कॅल्शियम घटल्यावर स्रवतं. कागदावर जोडी बरोबरीची दिसते, पण पूर्ण थायरॉइड काढलेला रुग्ण पाहा. सी-पेशी गेल्या, कॅल्सिटोनिन जवळपास शून्य. तरी थायरॉक्सिनच्या गोळीवर त्याचं कॅल्शियम वर्षानुवर्षं ठीक राहतं. कॅल्सिटोनिनची गोळी कुणी देतही नाही. त्याच शस्त्रक्रियेत पॅराथायरॉइड ग्रंथी दुखावल्या, तर मात्र एक-दोन दिवसांत ओठांभोवती मुंग्या येतात, हातपाय आखडतात.

असं का? प्रौढाच्या हाडांतून रोज तुलनेनं थोडंच कॅल्शियम सुटतं, त्यामुळे ते थोपवूनही रक्तात फारसा फरक पडत नाही. पडलाच, तर पॅराथायरॉइड संप्रेरक वाढून तो भरून काढतं: हाडातून कॅल्शियम सोडवतं, मूत्रपिंडात वाचवतं, व्हिटॅमिन डी सक्रिय करून आतड्यातलं शोषणही वाढवतं. शिवाय कॅल्सिटोनिनचा मारा चालूच राहिला, तर ऑस्टिओक्लास्ट काही दिवसांत त्याला दाद देईनासे होतात. म्हणूनच सी-पेशींच्या कर्करोगात, मेड्युलरी कार्सिनोमात, कॅल्सिटोनिन शेकडो पटींनी वाढूनही कॅल्शियम सहसा नॉर्मलच असतं. तिथे ते नियंत्रक म्हणून नव्हे, तर गाठीची खूण म्हणून मोजतात.